आहेर न आणण्याची विनंती

समस्त वाचकांस कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातले सर्वांत घातक वाक्य मी लिहिले आहे.

धाकट्या बहिणीचे लग्न होते. थोरलीच्या लग्नात भिंतीवरची सात घड्याळे आली होती, म्हणून वडील म्हणाले, "या वेळी आहेर नकोच. पत्रिकेत तसं लिही, पण कुणाला लागायला नको."

छापखानेवाल्याने तयार ओळ दाखवली, 'कृपया आहेर आणू नये.' वडील म्हणाले, "हे तर दारावर कुत्र्यापासून सावध राहा लिहिल्यासारखं वाटतं." मग मी तासभर घाम गाळून लिहिले, 'आपले येणे हाच आमचा आहेर, दुसरा आणून आम्हांस संकोचात टाकू नये.' छापखानेवाल्यानेही मान डोलावली. मी गंगापूर रोडवरून राजासारखा घरी आलो.

आईला कुणी विचारलेच नाही.

लग्नाच्या दिवशी ती घरातली जुनी साडी नेसूनच कार्यालयात बसली. कन्यादानाला मुलीच्या आईने माहेरची साडी नेसायची, ती तिचा भाऊ आणतो, ही आमच्याकडची रीत. मामा मनमाडहून आले ते रिकाम्या हातांनी. आईने त्यांच्या हातांकडे पाहिले, मग त्यांच्या मागे पाहिले.

"साडी?"

"घेतली होती गं ताई. पत्रिका वाचली नि घरीच ठेवली. तुम्हाला संकोच नको."

भटजी कन्यादानासाठी हाका मारत होते. आई त्या जुन्या साडीतच उठली आणि भरल्या मांडवात ओरडली,

"अरे, ते पाहुण्यांसाठी होतं! तू पाहुणा कधीपासून झालास?"