काकूच्या न्हाणीचं दार

माझी माय न्हायला काकूच्या घरी जायची. आमच्या घरात न्हाणी असून, न्हाणीला दार असून. हे मला तेव्हा सहन होत नव्हतं आणि आजही आठवलं की रक्त तापतं.

मी त्या काळात गावोगाव पत्रकं वाटत फिरत होते. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात उभी राहून ओरडायचे, बाईला आतून कडी लावता येईल अशी न्हाणी प्रत्येक घरात पाहिजे, लुगड्याचा आडोसा म्हणजे न्हाणी नव्हे. पत्रकाचा मजकूर माझाच असायचा. "दार ही चैन न्हाई, दार हा हक्क हाय," असं एका पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. आणि माझी स्वतःची माय बादली-टॉवेल घेऊन अंगण ओलांडून काकूकडे चालली आहे! बाजारातली एक बाई मला म्हणाली सुद्धा, "ताई, आधी घरचं तर बघा." मी तिच्या हातात पत्रक कोंबलं. घरी येऊन मायला बोलले.

"काहून जातीस तिकडं?"

"तिचं दार लागतंय," माय म्हणाली. "आपलं लागत न्हाई."

हे खोटं नव्हतं. आमचं दार बाभळीच्या फळ्यांचं. गावच्या सुताराने मन लावून केलेलं, आणि मी ते हट्टाने करून घेतलेलं, कारण सुताराचा धंदा मोडायचा नाही असंही माझं एक पत्रक होतं. उन्हाळ्यात ते सुकायचं, फळ्यांत फटी पडायच्या आणि माय आतून जुनी साडी टांगायची. पावसाळ्यात ते फुगायचं, चौकटीत अडकायचं, आणि कडी भोकाच्या दोन बोटं वर जाऊन थांबायची. सुतार येऊन रंधा मारून जायचा. पुढच्या उन्हाळ्यात फट अजून मोठी. खालची कड तर रोजच्या पाण्याने कुजून हाताला मऊ लागत होती. बिजागऱ्या लोखंडाच्या, गंजून किरकिरायच्या.

आणि काकूकडे? काकूकडे जीपच्या टपावर बांधून वसमतहून आलेलं प्लास्टिकचं दार! पीव्हीसी म्हणतात ते. आकाशी रंग, वर पांढरी फुलं. पाणी लागलं तरी फुगत नाही, कुजत नाही, फडकं मारलं की नवं. आख्खी गल्ली बघायला आली. काकू दारापाशी उभी राहून बोटाने टकटक करून दाखवायची. "बघा, हातानं उचलावं इतकं हलकं हाय." मी गेले नाही बघायला. अंगणातून दिसत होतं तेवढं पुरे होतं.

मला दाराचा राग नव्हता. माय त्या दाराचं कौतुक करत घरी यायची, केस ओले, चेहरा हसरा, त्याचा राग होता. आमच्या न्हाणीतून ती कधी हसत बाहेर आली नव्हती.

दार बसवताना मात्र काकांनी एक करामत केली होती. वसमतच्या दुकानदाराने दारासोबत स्टीलच्या पातळ बिजागऱ्या आणि अॅल्युमिनियमची कडी दिली होती. काकांनी त्या परत पाठवल्या. "हे पत्र्याचं खेळणं हाय," म्हणाले. मातीच्या धाब्याच्या जुन्या माळवदाच्या दाराच्या बिजागऱ्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या, रुंद, जाड, दोन हातांनी उचलाव्या अशा. "निजामाच्या काळचं लोखंड हाय हे. माणूस जाईल, हे जाणार न्हाई." त्याच बिजागऱ्या, त्याच दाराचे जाड स्क्रू, आणि तोच वजनदार कडी-कोयंडा त्या हलक्या दारावर चढवला. आमच्याकडे जुनं लोखंड टाकून देणं म्हणजे घरच्या म्हाताऱ्याला हाकलण्यासारखं. आख्ख्या गल्लीने मान डोलावली.

पहिल्या पावसात माय आत होती. मी आमच्या ओट्यावर पत्रकांच्या घड्या घालत होते. धाडकन आवाज झाला आणि काकू किंचाळली. मी धावले. दार वरच्या बिजागरीतून सुटून खालच्या एकीवर लोंबत होतं. स्क्रूंनी प्लास्टिकची साल ओरबाडून काढली होती. आणि काकू दाराला पाठ लावून उभी, दोन्ही हात मागे करून ते दार चौकटीला दाबून धरलेलं, अंगणातल्या सालगड्यावर आणि काकांवर खेकसत होती, "तोंड फिरवा भिंतीकडं! फिरवा म्हणते ना!"

मी पोचले तेव्हा धरायला जागाच उरली नव्हती. माझ्या मायची अब्रू काकूच्या पाठीने झाकली होती. एवढी पत्रकं वाटून मी उरले नुसती बघायला.

काका संध्याकाळी सगळ्यांना सांगत होते, "प्लास्टिकच खोटं हाय. लाकडाची बराबरी करंल का?"

"दार खोटं न्हाई, काका," मी म्हणाले. "तुमचं लोखंड चुकीच्या जागी बसलंय."

"तू पत्रकं वाट, बाई. दाराचं तुला काय कळतं?"

मी पडलेलं दार अंगणात आडवं केलं आणि त्यांच्यासमोर वाजवून दाखवलं. मधे सगळं पोकळ, ढब-ढब. फक्त दोन्ही कडांच्या आत लोखंडी चौकोनी पाइप घातलेला असतो, तिथे आवाज भरीव. स्क्रूने धरायचं ते त्या पाइपाला. काकांच्या बिजागऱ्या इतक्या रुंद की त्यांची भोकं पाइपाच्या पलीकडे, पोकळ भागावर गेली होती. लाकडाचा स्क्रू लाकडात रुततो. पोकळ प्लास्टिकच्या पातळ सालीत त्याला धरायला काहीच नसतं. त्यात वरून त्या कडी-कोयंड्याचं ओझं.

काका म्हणाले, "बरं, बरं." त्यांच्याकडून एवढंच निघतं.

मायला मी म्हणाले, "आता आपल्याकडंच न्हायचं."

"आपलं दार लागून राहिलंय का?" तिने विचारलं.

मग मीही वसमतला गेले. दुकानदाराने डब्ल्यूपीसीचा नवा नमुना दाखवला, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला, भरीव. त्यात स्क्रू चांगला धरतो, पाण्याने फुगत नाही, पण जड होता आणि माझ्या ऐपतीबाहेर. मी पीव्हीसीच घेतलं, पांढरं, बिनफुलाचं. फुलं मला काकूसारखी नकोच होती. तीन अरुंद स्टीलच्या बिजागऱ्या, हलकी कडी, पत्र्यात बसतात ते बारीक स्क्रू. बसवायला आमच्याच सुताराला बोलावलं. तो तोंड वाकडं करून आला, पण आला. फुटक्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक दारावर फिरवून मी पाइपाची रेघ पेन्सिलने आखली, त्या रेघेवर त्याने आधी बारीक भोकं पाडली आणि मग स्क्रू आवळले. चौकट लाकडाची होती, तिकडच्या बाजूला लाकडाचेच स्क्रू. खाली बोटभर जागा सोडली, दार फरशीला घासू नये म्हणून. कडी एका बोटाने सरकली.

माय दुसऱ्या दिवशी आमच्या न्हाणीत गेली. कडी लागल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकला. पत्रकात लिहावं असं सुख होतं ते.

तेवढ्यात काकू अंगण ओलांडून आली. पाट मांडून आमच्या न्हाणीच्या दाराबाहेर बसली आणि सुरू झाली, "काय हो बाई, पाणी बराबर हाय का? अन् ऐका, काल ती शेजारीण काय म्हणली माहिताय..."

आतून मायचं हसू आलं. प्लास्टिक पातळ, एकेक शब्द आरपार. बाभळीच्या जाड फळ्यांतून हाक मारावी लागायची. इथे दोघी कुजबुजत होत्या.

"काकू," मी म्हणाले, "माय न्हाऊन राहिलीय."

"मग न्हाऊ दे की. मी काय दार उघडून राहिले का?" ती म्हणाली.

आतून माय ओरडली, "तिला बसू दे गं! तू जा तुझी पत्रकं घेऊन, बाजार भरला असंल."

बाजार खरंच भरला होता. मी गठ्ठा काखेत मारला. दार उत्तम बसलं होतं, त्यात कुठेही खोट काढता येत नव्हती. वेशीपर्यंत मला त्या दोघींचं हसणं ऐकू येत राहिलं.