मागचं दार

ड्रायव्हरबाईंना मागच्या दाराची सवय मीच लावली, हे आधीच कबूल करते. माझ्या पाळणाघराचा तो नियमच होता. मूल खेळण्यात गुंतलं की आईनं मागून सटकायचं, म्हणजे रडारड नाही. पंधरा वर्षं मी याच अकलेवर मिरवत होते.

बाई शहर बस चालवायच्या. आठ वर्षं तिकिटं फाडली, तेव्हा कुठे स्टिअरिंग हाती आलं. त्यांची ठकी दीड वर्षाची. आठला आडवी झाली की थेट सकाळी उठायची. तीच पोरगी अचानक रात्रीतून चार-चारदा उठायला लागली. आईचा चेहरा चाचपायची, आणि आई जरा कुशीवर वळली की भोकाड.

मला विचारल्यावर मी लगेच शहाणपणा पाजळला. दुपारी झोपवायचंच नाही, रात्री ढाराढूर झोपेल. झोपते कुठली! दमून किरकिरी झाली आणि आणखीच उठायला लागली.

शेवटी बाई स्वतःच डेपोत म्हणाल्या, "माझी झोप होत नाही, मला गाडी देऊ नका." साहेबांनी त्यांना पासाच्या खिडकीवर बसवलं. महिनाभर वाट बघू, मग गाडी दुसऱ्याला, असंही सांगितलं.

मी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ठकीचे कान, घसा, हिरड्या तपासल्या. दाढा येत होत्या, पण आजार काही नव्हता.

"या वयात होतं असं," डॉक्टर म्हणाल्या. "पळता येतंय, शब्द फुटतायत, डोकं रात्रीही गप्प बसत नाही. मधूनमधून झोप सगळ्यांचीच चाळवते. आता जाग आली की तिला आई आठवते. आई जाते हे कळलंय, परत येते याची खात्री अजून नाही. दुपारची झोप तोडू नका. काही आठवडे लागतील. सकाळी तिला सांगून निघता ना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दारात बाई म्हणाल्या, "आई जाते. तू झोपून उठलीस की आई येते." ठकीनं अर्धा तास घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी बाई रडवेल्या. "मावशी, उद्या मागून जाऊ का?"

"खबरदार," मी म्हणाले. माझंही काळीज तुटत होतं, पण माघार घ्यायची नव्हती.

दिवसा तेच वाक्य. रात्री उठली तरी दिवा न लावता पाठीवर हात आणि त्यातलं 'आई येते' एवढंच. पहिला आठवडा फरक शून्य. मग चारदाचं दोनदा झालं.

तिसऱ्या आठवड्यात बाई गणवेशात आल्या. गाडी परत मिळाली होती.

"चार रात्री सलग झोपली. काल मात्र एकदा उठली. माझ्या तोंडावर हात फिरवला, 'आई येते' म्हणाली आणि झोपली. मला सांगत होती, मावशी."

त्या गेल्यावर मी खेळण्यांचं कपाट ओढून मागच्या दाराला लावलं. पंधरा वर्षांत किती पोरांनी खेळता खेळता मान वर करून आईला शोधलं असेल, कोण जाणे. मला वाटायचं, माझ्याकडे मुलं रडतच नाहीत.