बेचाळीस ग्रॅम

गेल्या वर्षी जिमच्या ट्रेनरनं मला दिवसाला चौऱ्याऐंशी ग्रॅम प्रोटीन सांगितलं, तेही आठ तासांत दोनच जेवणांत. म्हणजे एका ताटात बेचाळीस. मी खाण्याची ही आठ तासांची विंडो ठेवली दुपारी बारा ते रात्री आठ, कारण मला सकाळी उशिरापर्यंत लोळायला आवडतं. काम घरूनच होतं आणि तारनाक्याच्या त्या घरात आई आणि मी, दोघंच.

पहिल्या आठवड्यात अठ्ठावीसच्या पुढे ताट जाईना. नुसत्या वरण-भाकरीवर भागत नाही, हे काट्यावर वजन करताना कळलं. मग बसवलं: तीन अंडी अठरा, ऐंशी ग्रॅम पनीर चौदा, तीस ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण सात, ज्वारीची एक भाकरी तीन. रात्री साडेसातला चिकन, दही, भाकरी. ज्याला त्याला मी हे ताट ऐकवायचो. आई बाराच्या ठोक्याला अंडी गरम वाढायची आणि मी भाकरीसुद्धा काट्यावर ठेवायचो. केवढी ऐट होती!

एका सकाळी अकराच्या सुमारास आई ओट्याला धरून उभी दिसली. घामानं डबडबलेली, हात थरथरत होते. गल्लीच्या तोंडाशीच डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथं कसंबसं नेलं. त्यांनी बोटातून रक्त घेऊन शुगर पाहिली, ती फारच उतरली होती, आणि लगेच ग्लुकोजचं पाणी पाजलं. ती जरा सावरल्यावर म्हणाले, "अम्मा, सकाळी काय खाल्लं?"

"बिनसाखरेचा चहा. गोळी आठला घेतली जी."

"और खाना?"

"पोरगं जेवल्याबिगर सकाळचा पहिला घास कसा घ्यावा?"

ही तिची जन्माची रीत. रात्री असं काही नसतं, पण सकाळी घरातलं माणूस आधी. पूर्वी ती हाक मारून उठवायची आणि मी आठला नाश्ता करायचो, तेव्हा तिचंही पोट वेळेवर भरायचं. शुगरची गोळी घेऊन ती दोन महिने रोज चार तास उपाशी राहत होती आणि मी शेजारच्या खोलीत तास मोजत होतो. माझ्या ताटातला एकेक ग्रॅम मला पाठ होता, पण तिनं खाल्लं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

ट्रेनरला फोन केला. तो म्हणाला, आठ तास कुठलेही चालतात, सकाळी आठ ते चार घ्या. इतकं सोपं होतं. फक्त मला लवकर उठायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आठला मी दोन ताटं वाढली. आईनं गोळी घेतली, मी पहिला घास खाईपर्यंत थांबली आणि मग आपल्या ताटातलं अंडं उचलून माझ्या ताटात ठेवलं.

"घे बेटा, माझ्यापायी तुझं कमी पडल."