चार लीडर आणि एक कोरा रकाना

सातपूरच्या पॉलिटेक्निकसमोर हेमांगी गायखेंचं टायपिंगचं दुकान. अकरा वर्षांत त्यांनी शेकड्यांनी फ्रेशर पोरांचे अर्ज केले होते. प्रत्येक जण मेहनती, प्रत्येक जण लवकर शिकणारा. बाई बोलायला फटकळ, पण अर्ज पाठवला की उत्तर येईपर्यंत त्यांचाच जीव टांगणीला.

त्या दुपारी कल्याणी बोडके आपला बायोडेटा घेऊन आली. अंबडच्या व्हॉल्व्ह कारखान्याला चारपर्यंत ईमेल करायचा होता, सोबत कव्हर लेटर हवं होतं. बायोडेटातला तिसरा मुद्दा वाचून हेमांगीताईंनी चष्मा काढला. "ठिबक फिल्टर चाचणी प्रकल्प, ग्रुप लीडर."

"अगं, सकाळी तुझ्या ग्रुपमधली तिन्ही पोरं येऊन गेली. याच कारखान्याला. तिघेही लीडरच. काम कुणी केलं मग?"

"सगळे तसंच लिहितात, ताई."

"ते राहू दे. तू काय केलंस?"

कल्याणी ओढणीचं टोक पिळत राहिली. "रीडिंग घ्यायचे. फिल्टरच्या आधीचा दाब, नंतरचा दाब. बेचाळीस दिवस. फार काही नाही."

"एकही दिवस चुकला नाही?"

"सतराव्या दिवशी दाब मोजायचा गेज अडकला. पोरं म्हणाली, अंदाजाने आकडा टाक. मी रकाना कोराच ठेवला."

हेमांगीताईंनी नेहमीचा साचा बंद केला. बायोडेटातले मुद्दे पुन्हा उगाळायचे नाहीत, एकच धरायचा, असं ठरवून त्यांनी लिहिलं: जाहिरातीतली चाचणी विभागाची जागा, बेचाळीस दिवसांची नोंद, घाण साठत गेली तसा वाढत गेलेला दाबातला फरक. बायोडेटातलं 'ग्रुप लीडर' खोडून 'नोंदींची जबाबदारी' केलं. शेवटी कोऱ्या रकान्याचं वाक्य आलं.

"ते नको ना, ताई. चूकच दिसेल."

ताईंचीही बोटं अडली. वाक्य खोडलं, पुन्हा घातलं, पुन्हा खोडलं. चहावर साय धरली. चार वाजायला सहा मिनिटं असताना ते परत घातलं आणि कल्याणीच्या हातूनच ईमेल पाठवला.

मग चार दिवस त्यांना चैन नव्हतं. शहाणपणा नडला, पोरीचं वाटोळं केलं, असं त्या भाजी चिरतानाही पुटपुटत. नवरा म्हणाला, "नोकरी तिला हवीय की तुला?"

पाचव्या दिवशी तिघांतला सुमेध तणतणत आला. "आम्हाला बोलावणंच नाही, कल्याणीला आलंय म्हणे. तिला वेगळं काय लिहून दिलंत?"

"तिने सांगितलं तेच. तुम्ही लीडर सांगितलंत, मी लीडर लिहिलं," ताई म्हणाल्या. पण आवाज पडला, कारण त्या तिघांना त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात कल्याणी धापा टाकत आली. "उद्या मुलाखत आहे, ताई. साहेब म्हणाले, रीडिंगची वही घेऊन या. सतरावं पान बघायचंय."

हेमांगीताईंनी सुमेधपुढे स्टूल सरकवलं. "बस. आता खरं सांग, तू काय केलंस?"