रद्द चेकवरच्या दोन रेघा

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला होते. टेबलावर मान मोडून बसायचं, पुरवठादारांची बिलं तपासायची आणि चुकलं की साहेबांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. माझा स्वभाव मुळात तिखट. पुरवठादार मला घाबरायचे म्हणे. घाबरू देत! मोघम बोलणाऱ्याला मी सरळ खाली बसवायचे आणि आकडे मोठ्यानं वाचून घ्यायचे.

दोन हजारनंतरच्या दशकात चेक देणं कमी झालं आणि पैसे थेट बँकेत जाऊ लागले. तेव्हापासून नवं लचांड सुरू झालं. प्रत्येक पुरवठादाराचे तीन कागद समोर घ्यायचे: त्याचं बिल, त्यानं सुरुवातीला भरलेला नोंदणीचा फॉर्म आणि रद्द केलेल्या चेकची झेरॉक्स. तिन्हींवरची बँक, शाखा, खाते क्रमांक आणि छापलेलं असेल तिथं नाव एकमेकांशी जुळलं, तरच पेमेंट पुढं जायचं. कुठं एक आकडा जरी इकडचा तिकडे दिसला, की लाल शेरा. कारण पैसे पाठवताना बँक खाते क्रमांक बघते, नाव कोणी ताडून बघत नाही. आकडा चुकला की पैसे भलत्याच्या खात्यात जातात आणि मग परत मागत बसा दारोदार! क्रमांक मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे. सरळ वाचलं की डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं.

आमच्या कँटीनला भाजी देणारे एक मामा होते. मखमलाबादकडं त्यांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी आणि कडेला थोडा झेंडू. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पहिल्यांदा फॉर्म भरायला आले तेव्हा मी म्हटलं, "मामा, चेकवर दोन आडव्या रेघा मारा आणि मधे रद्द असं लिहा."

मामांनी पेन खाली ठेवलं. "ताई, चेक म्हंजी लक्ष्मी. तिच्या अंगावर काट मारायची नाय. मी कोपऱ्यात लिवतो."

मी वाद घातला, पण ते हटले नाहीत. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रद्द लिहिलं आणि त्याच्याखाली करंगळीच्या नखाएवढ्या दोन रेघा मारल्या. पुढं बँकेचं काम संगणकावर गेलं, खाते क्रमांक लांब झाले आणि सगळ्यांकडून नवा चेक मागवावा लागला. मामांनी पुन्हा तेच केलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "तुमच्यापुढं हात टेकले," मी म्हणाले आणि फाइल बंद केली.

एका महिन्याच्या बिलांमध्ये मला काहीतरी खटकलं. मामांची चार बिलं होती. तीन बिलांखाली जुन्या खात्याचा शिक्का, चौथ्याखाली नवा शिक्का, नवा क्रमांक आणि वेगळी बँक. सोबत एक पत्र: खातं बदललं आहे, यापुढचे पैसे इथं पाठवावेत. नवा फॉर्म होता आणि नव्या चेकची झेरॉक्सही होती. शेवटाकडून वाचून बघितलं. बिल, फॉर्म, चेक, तिन्ही जुळत होते. सहीसुद्धा हुबेहूब. त्या काळी पुष्कळ चेकांवर खातेदाराचं नाव छापलेलं नसायचं, खाते क्रमांकही शिक्क्यानं किंवा हातानं घातलेला असायचा. त्यामुळं चेकवर नाव नाही, यात मला वावगं वाटलं नाही.

पण खातं बदलल्याचं पत्र आलं की नियम एकच: पत्रावरच्या फोनवर कधी विचारायचं नाही, जुन्या फॉर्मवरच्या नंबरवर विचारायचं. मामांच्या घरचा लँडलाइन नंबर जुन्या फॉर्मवर होता. मी तो फिरवला आणि कंपनीतून बोलतेय म्हणून सांगितलं.

"राम राम ताई! भाजी कशी हाय आमची?" तोच घोगरा आवाज. वाक्याआधीचं तेच खाकरणं.

मी खातं विचारलं. मामांनी क्रमांक धडाधड सांगितला आणि म्हणाले, "मीच बदललंया. जुनी बँक लय लांब पडती."

मी फॉर्मवर बरोबरची खूण केली. फोनवर खात्री केली, असं लिहून तारीखही टाकली. पण हात पुढं जाईना. चेकच्या झेरॉक्सवर दोन लांब आडव्या रेघा होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाते क्रमांकाच्या वरून, सहीच्या जागेवरून, सरळ आरपार. मामांनी लक्ष्मीच्या अंगावर काट मारली होती.

मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "आकडे जुळतात, सही जुळते, फोनवर माणूस बोलला. आता रेघेवरून अडवतेस? उद्याच्या फाइलमध्ये टाक."

"टाकते, पण संध्याकाळपर्यंत थांबा."

"तू आणि तुझा संशय," असं पुटपुटत त्यांनी मान फिरवली.

खाली कँटीनमध्ये गेले. कँटीनवाला परातीत कांदा चिरत होता. मी सहज विचारलं, "काय हो, मामा आता चेकवर रेघा मारायला लागले का? आत्ताच बोलले त्यांच्याशी. आवाज मात्र खणखणीत होता."

त्याची सुरी थांबली. "कुणाशी बोललात, ताई?"

"मामांशी. फोनवर."

"मामा जाऊन पंधरा दिवस झाले. त्यांची भाजी आणणाऱ्या टेंपोवाल्यानं सांगितलं. मला वाटलं, वर तुम्हाला माहीत असेल."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पत्रावरची तारीख पाच दिवसांपूर्वीची होती, सही मामांची होती. आणि माझ्या कानात अजून तो आवाज होता: राम राम ताई. दुपारचा एक वाजला होता, बाहेर रणरणतं ऊन होतं, समोर चहाचे ग्लास धुतले जात होते. तरी मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होते. मी मेलेल्या माणसाला खाते क्रमांक विचारला होता आणि त्यानं तो बरोबर सांगितला होता.

चार वाजता परवानगी काढून गाडीवरून मखमलाबादला गेले. वाटेत स्वतःलाच बजावत होते: भुतंखेतं काही नसतात, मेलं काय लावलंयस! पण मळ्याच्या वाटेवर गाडी बंद केली आणि सगळीकडं शांतता पसरली, तेव्हा मी दोनदा मागं वळून बघितलं.

ओट्यावर मामी बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हातात कोथिंबिरीची जुडी. आत भिंतीवर मामांचा फोटो होता, हार अजून पुरता सुकला नव्हता. फोटोखाली तिवईवर फोन. मी कोण ते सांगितलं, तशा त्यांनी हात धरून मला आत नेलं.

"कशापायी आली माय इतक्या लांब?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या मोरीतून खाकरणं ऐकू आलं आणि मग आवाज आला, "आई, कोण आलंय गं?"

तोच आवाज, अगदी तोच. मी फोटोकडं बघितलं, मग मोरीच्या दाराकडं. मामींनी ओठावर बोट ठेवलं आणि ओरडून सांगितलं, "शेजारीण हाय, मेथी मागाया आली!"

"पोरगा," त्या हळूच म्हणाल्या. "मुंबईला असतो. मातीला आला, तवापासनं गेलाच नाय. पैशाचं नाव निघालं की मागं लागतो. बापावानीच बोलतो. लहानपणापासून नक्कल करायचा, हे हसायचे."

मी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. मामींना वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून सांगत गेले: हे जुनं खातं, मामांचं आणि तुमचं दोघांचं. मामा गेले तरी तुमचं नाव त्यात आहे, बँकेत मृत्यूचा दाखला दिला की पैसे तुमच्या हातात येतील. आणि हे नवं. हे कुणाचं, मला माहीत नाही. पण मी हे पुढं पाठवलं तर तुमच्या महिन्याभराच्या भाजीचे सगळे पैसे उद्या या खात्यात जातील.

मामींनी कागद जवळ ओढला. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी त्यांचा अंगठा त्या दोन लांब रेघांवरून फिरत होता. "ही काट त्यांची नव्हं," त्या म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं. बाकी कागद तर सगळे बरोबर होते."

"हे पैसं गेलं तर मजुरी कशातनं देऊ? बी कुठनं आणू? मळा विकून मुंबईत चल म्हणतोय. मी तिथं काय करू गं माय?"

मला इतका संताप आला की मोरीच्या दारावर लाथ मारावीशी वाटली. "मी पैसे थांबवते," मी म्हणाले. "लेखी शेरा मारते. मालक गेले म्हटल्यावर कंपनी तुमचे कागद मागेल. मी स्वतः भरून देईन. तुम्ही फक्त घाबरू नका."

मामींनी माझ्या मनगटावरचा हात सोडला नाही. "तू कसं वळखलंस? कागदं तर सारी बरूबर व्हती म्हनतेस."

मी खोटं बोलू शकले असते. "मी फोन केला होता, मामी. तो मामांच्या आवाजात बोलला. खाकरला, मला राम राम घातला. मला वाटलं तेच आहेत."

मामींचा चेहरा बदलला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर पोराला शिव्या देतील. त्या भिंतीकडं सरकल्या, तिवईवरच्या फोनवर हात ठेवून बसल्या.

"तवा मी मळ्यात व्हते," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा आवाज ऐकाया नाय मिळाला."

मोरीत पाणी ओतल्याचा आवाज थांबला. मामी माझ्या कानाशी आल्या.

"पैसं नको देऊस त्याला. लेखी काय लिवायचं ते लिव. पर त्याला कळायच्या आदी, उद्या सकाळी, तेवढा फोन एकदा कर. मी हितंच बसलेली आसंन."

मी रात्रभर स्वतःला बोल लावत होते. हे काय कंपनीचं काम आहे? पण सकाळी साडेनऊला, लाल शेरा लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवल्यावर, मी परत येऊन नंबर फिरवला. कंपनीतून बोलतेय म्हटलं, तसं खाकरणं आलं. "राम राम ताई!"

माझ्याकडं विचारण्यासारखं काही नव्हतं. तोंडाला येईल ते विचारलं, "मामा, मेथी कशी आहे यंदा?"

"लय झकास हाय. पाठवतो की."

"आणि मामी कशा आहेत?"

पलीकडं तो पुन्हा खाकरला. त्यापाठोपाठ मला कोणीतरी अगदी हळू श्वास घेताना ऐकू आलं, फोनपासून जरा लांब; मामी तिथंच बसल्या असणार.

"बरी हाय," आवाज म्हणाला. "हितंच हाय."