घर तुझंच समज

आमच्याकडे विनोद सांगणारा माणूस आधी घसा खाकरतो. मग म्हणतो, "एक किस्सा आठवला बघा." मग किस्सा कुठे घडला, कोणाच्या लग्नात घडला, त्या लग्नात भाजी कसली होती, हे सगळं येतं. ऐकणारे सभ्य असतात, म्हणून शेवटी हसतात. ते हसणं सुटकेचं असतं. बोलणाऱ्याला मात्र वाटतं, आपण हॉल जिंकला.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. राहते मुर्रीला, नवरा आणि सासूबाईंसोबत. मला विनोद लिहायची खोड आहे. रविवारी दुपारी गोंदियात बाजाराजवळच्या एका चहाच्या कॅफेत, वरच्या मजल्यावर, हौशी लोक माईकपुढे उभे राहून विनोद करतात. तिथं बहुतेक हिंदीच चालते. मी मराठीत करते. बाईमाणूस, त्यातही चाळिशी उलटलेली, म्हणून सुरुवातीला पोरं माझ्याकडे भजन ऐकायला बसल्यासारखी बघायची.

पहिल्या वेळी मी माझ्या लग्नातली एक गोष्ट सांगितली. खरी होती. मी नवीन सून म्हणून आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, घर तुझंच समज. पुढचं मी रचलं होतं. माईकवर मी असं म्हटलं: "माझं नवीन नवीन लग्न झालं होतं. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. आमच्या सासूबाई तशा फार प्रेमळ. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, बेटा, आजपासून हे घर तुझंच समज, अजिबात संकोच करू नको. मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि घर विकायला एक गिऱ्हाईकच घेऊन आले."

एक जण हसला. तो मोबाईलमध्ये बघून हसत होता.

घरी आले ती चिडूनच. इतरांच्या पाल्हाळाला नाकं मुरडणारी मी, आणि माझ्याच तोंडून पदर आणि बांगड्या निघाल्या होत्या. स्वयंपाकघरात बसून मी एकेक शब्द मोठ्यानं म्हणायला आणि काढायला लागले. नवरा समोर चहा पीत होता. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना हे सगळं रिकामटेकडेपण वाटत होतं, पण उठून गेल्या नाहीत.

पदर आणि बांगड्या आधी गेल्या. 'माझं लग्न झालं होतं' हेही गेलं. सासू म्हटलं की लग्न झालंच ना? बिनलग्नाची सासू कुठून आणायची? 'प्रेमळ' काढलं, कारण सासूनं घर देऊन टाकलं की ती प्रेमळ आहे हे ऐकणाऱ्याला कळतं, मी सांगायची गरज नाही. 'मग काय' हा तर सर्वांत नालायक शब्द. तो म्हणजे समोरच्याला सांगणं, की आता हसायचं आहे, तयार राहा. तयार राहिलेला माणूस हसत नाही.

मग 'घर विकायला' यावर अडले. थोड्या वेळानं लक्षात आलं, की सगळी गडबड त्यानंच केली होती. 'विकायला' म्हटलं की गंमत तिथंच फुटते, आणि 'गिऱ्हाईक' मागून लंगडत येतं. गिऱ्हाईक म्हटलं की विकणं त्यात आलंच. ते काढलं. दुसरा दिवस आणि सकाळ यांचंही काही काम नव्हतं. तीही गेली.

उरलं ते असं: "सासूबाई म्हणाल्या, घर तुझंच समज. मी गिऱ्हाईक आणलं."

'बाई' काढायला माझी जीभ रेटेना. सासूबाई समोरच होत्या. त्याच म्हणाल्या, "काढ ना व. बाई म्हटल्यानं मी काय मोठी होऊन राहिली?"

शेवटचं वाक्य उलटवलं. "मी गिऱ्हाईक आणलं" म्हटलं, तर हसायचा शब्द मधे येतो आणि 'आणलं' त्याच्या अंगावर पडतं. "मी आणलं गिऱ्हाईक" म्हटलं, की तो शब्द शेवटी येतो आणि त्यानंतर काही उरत नाही. आपल्या बोलण्यात असं उलटं वाक्य चालतं, कुणाला खटकत नाही.

नवऱ्याला आता कापायची चटक लागली. तो म्हणाला, 'तुझंच' मधला 'च' पण काढ. मी काढून म्हणून पाहिलं. घर तुझं समज. मेलं. सासूबाईंनी तांदळातून मान वर केली आणि म्हणाल्या, असं कोणी म्हणते का? मला तेच हवं होतं. ते वाक्य प्रत्येक सुनेनं ऐकलेलं असतं, जसंच्या तसं. ऐकणाऱ्याला ते ओळखीचं वाटलं नाही, तर तो पुढच्या धक्क्यापर्यंत येतच नाही. 'च' ठेवला. मग नवरा म्हणाला, 'सासू म्हणाली' पण काढून टाक. मी त्याला चहाचा कप धुवायला पाठवलं.

पुढच्या रविवारी मी एवढंच म्हटलं: "सासू म्हणाली, घर तुझंच समज. मी आणलं गिऱ्हाईक." आणि गप्प उभी राहिले. मग एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि सगळा मजला हसला.

त्या दिवशी तिथं एक अँकर आले होते. आमच्या भागात लग्नांत, सत्कारांत, उद्घाटनांत माईक यांच्याच हातात असतो. वय पन्नाशीचं, कपाळाला गंध, गळ्यात मफलर, तोही मे महिन्यात. स्वतःची ओळख ते स्वतःच 'हास्याचा महासागर' अशी करून देतात. ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, चांगला आहे. पण छोटा पडतो."

मी हसून सोडून दिलं.

काही आठवड्यांनी, मी ऑफिसातून घरी आले तर अंगणात एक अनोळखी गृहस्थ उभे. वर मान करून आमच्या छपराकडे बघत होते. दवनीवाड्याहून मोटरसायकलवर आले होते. म्हणाले, "घर विकाचं आहे म्हणते, खरं का?"

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, चेहरा एवढासा झालेला. मी त्या गृहस्थांना बसवलं, पाणी दिलं, आणि कोणी सांगितलं ते विचारलं. त्यांच्या भाच्याच्या लग्नात अँकरनं सांगितलं होतं. मुर्रीचं घर आहे, नाल्याकडच्या बाजूला, अंगणात बोअरवेल आहे, सून गोरेगावला नोकरीला आहे, सासूशी पटत नाही, गिऱ्हाईक शोधून राहिली. एवढा पत्ता मिळाल्यावर कोण हसेल? माणसं ऐकून घेतात, आणि ज्याला घर हवं असतं तो मोटरसायकल काढतो. विनोद फुगवून फुगवून त्या बहाद्दरानं त्याची बातमी करून टाकली होती.

मी त्यांना सांगितलं, तो जोक होता. ते म्हणाले, "जोक? ते तर लय वेळ सांगून राहिले होते." मग छपराकडे अजून एकदा बघून गेले.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी खरंच घर विकायला काढलं असं त्यांना वाटलं नव्हतं. पण सुनेशी पटत नाही, हे वाक्य माईकवरून चार गावांत गेलं, ते त्यांना लागलं होतं. माझ्या मूळ दोन वाक्यांत पटण्या-न पटण्याचं काही नव्हतंच. ती भर अँकरची होती.

पुढच्याच महिन्यात गोरेगावात बचत गटांच्या महिलांचा मेळावा होता. दुपारी हॉलमध्ये. मला विनोदी कार्यक्रमासाठी बोलावलं होतं. सासूबाईंना मी मुद्दाम नेलं, दुसऱ्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालन अर्थातच महासागराकडे.

माझं नाव पुकारण्याआधी त्यांना एक किस्सा आठवला. आमच्या या ताईंचाच बरं का, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. सासूचा आवाज काढला, खोकला काढला, सासू काठी टेकत चालते ते चालून दाखवलं. आमच्या सासूबाई अजून धान कापायला वाकतात. लग्नाचा मांडव आला, वरात आली, वरातीत एक शेळी आली. ती शेळी कशाला आली, हे त्यांनाही माहीत नसावं. बायका आधी ऐकत होत्या, मग एकमेकींशी बोलायला लागल्या, मग पोरांना पाणी पाजायला उठल्या. शेवटी त्यांनी म्हटलं, "आणि मग काय, त्या सुनेनं घर विकायला गिऱ्हाईक आणलं! म्हणजे बघा, घर तिचंच समजली ना ती!" आणि स्वतःच हसले. समोर काही नाही. मग माझं नाव पुकारलं.

मी माईकपर्यंत चालत जाताना दुसरं काहीतरी सांगायचं ठरवत होते. शेवट फुटला होता. फुटलेल्या शेवटाला कोणी हसत नाही, हे मला पक्कं ठाऊक. पण माईकपाशी गेल्यावर समोरच्या बायकांचे वैतागलेले चेहरे दिसले आणि कळलं, की माझ्यासाठी केवढी मोठी तयारी करून ठेवली आहे. काठी, वरात, शेळी, सगळी. मला काहीच मांडायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "सासू म्हणाली, घर तुझंच समज. मी आणलं गिऱ्हाईक." थोडं थांबले. मग म्हटलं, "शेळी नव्हती."

हॉल फुटला. बायका सासूला हसल्या नाहीत, सुनेला नाही, गिऱ्हाइकालाही नाही. मफलरला हसल्या. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून हलत होत्या. शेजारच्या बाईनं त्यांना विचारलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे.

आमचे अँकर मात्र माईक सोडून गप्प बसतील असे नाहीत. माझं झाल्यावर ते पुढे आले आणि बायकांना समजावून सांगू लागले, की ताईंनी शेळी नव्हती असं का म्हटलं, तर त्याआधी आपण शेळीचा उल्लेख केला होता. हसलेल्या बायका पुन्हा गंभीर झाल्या. एवढं कसब मी आजवर दुसऱ्या कोणात पाहिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी ते भेटले. लाजले वगैरे अजिबात नव्हते. म्हणाले, "मॅडम, तुमचा जोक छोटा होता, मी वाढवून दिला. लोकांना लक्षात राहते."

मी त्यांना दवनीवाड्याच्या गृहस्थांविषयी सांगितलं. ते मोटरसायकल घेऊन आले, छप्पर बघून गेले, सगळं. त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, आता तरी माफी मागतील.

"हे पण टाकतो त्यात," ते म्हणाले.

परत येताना बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. तिकीट पदराच्या गाठीत बांधलं. मग मला विचारलं, "तो काठी टेकून कोणाले दाखवून राहिला होता?" मी म्हटलं, कोणालाच नाही, त्याच्या डोक्यातली आहे ती. त्यांना ते पटलं. रात्री दोघी जेवलो.

महासागराचा किस्सा आता तिरोड्यापर्यंत पोचला आहे, असं ऐकते. त्यात मोटरसायकलही आहे. मी रविवारी कॅफेत जाते. सध्या ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर एक विनोद लिहायला घेतला आहे. त्यात अजून साहेबांचा स्वभाव आहे, पाऊस आहे आणि 'बघा' दोनदा आहे. काढते आहे.