दुसऱ्या मुद्द्यानंतर

अमळनेरच्या एकाच शाळेत आम्ही दोघं नवरा-बायको शिकवत होतो. मी मराठी, ते इतिहास आणि नागरिकशास्त्र. ऐन जानेवारीत, सकाळी शाळेसाठी तयार होताना ते कोसळले. हृदय बंद पडलं. रजा संपवून मी परत गेले, तेव्हा मुख्याध्यापकांनी जरा अवघडतच सातवीचं नागरिकशास्त्र माझ्याकडे दिलं.

पहिल्या तासाला उजळणी घेतली. स्वातंत्र्याच्या हक्कात कोणकोणती स्वातंत्र्यं येतात, असं विचारलं. परीक्षेत यातली तीन लिहायला सांगतात, मुद्द्याला एक गुण. मुलं एका सुरात म्हणू लागली. "एक, भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. दोन, शांततेनं, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य."

आणि सगळी गप्प झाली.

मला वाटलं, विसरली. पण कुणी चाचपडत नव्हतं, एकमेकांकडे बघत नव्हतं. पंखा तेवढा फिरत होता. मग कुणी खूण न करताच सगळ्यांनी तिसरा मुद्दा उचलला. संघटना स्थापन करण्याचं, देशात कुठेही फिरण्याचं, कुठेही राहण्याचं, हवा तो व्यवसाय करण्याचं. सहाही बरोबर.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मुद्दे कोणत्याही क्रमानं लिहिले तरी गुण मिळतात, म्हणून मी क्रम फिरवून दिला. संचार आधी, व्यवसाय नंतर. तरी दोन मुद्दे झाले की वर्ग थांबायचा. त्या शांततेत कुणीतरी माझ्या मागे, फळ्यापाशी उभं आहे असं वाटायचं. मी वळून बघायची नाही.

शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं. खेड्यावरून एसटीनं येणारी, बोलायला लाजणारी. इथे का थांबता, म्हणून विचारलं.

"सरले दम लागे, बाई," ती म्हणाली. मग सावरून शाळेच्या भाषेत सांगू लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांना दम लागायचा, म्हणून दोन मुद्दे सांगून ते थांबायचे. खिडकीची चौकट धरून, वर्गाकडे पाठ फिरवून उभे राहायचे. "आम्हाला म्हणायचे, मुद्दा डोक्यात बसू द्या. मग पुढचा."

दिवाळीनंतर. म्हणजे दोन-अडीच महिने. घरी त्यांचा चेहरा उतरलेला दिसला की मी विचारायची, आणि थंडीवर ढकलून ते चहा मागायचे. जे माझ्यापासून लपवलं, ते अख्ख्या वर्गाला पाठ होतं.

मी त्या मुलीला डबा खायला पाठवलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले.

त्या आठवड्यात मूलभूत कर्तव्यं घ्यायची होती. अकरा मुद्दे, मी सांगायचे आणि मुलांनी मागून म्हणायचे. संविधानाचं पालन, राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर, हे पहिलं. स्वातंत्र्य चळवळीला प्रेरणा देणाऱ्या आदर्शांचं पालन, हे दुसरं. मुलं थांबली. मीही पुढचा मुद्दा सांगितला नाही. खिडकीपाशी गेले आणि चौकटीवर हात ठेवून, त्यांचा दम खाऊन होईपर्यंत उभी राहिले.